प्रश्नवाक्यच उत्तर फोडते तेव्हा : बहुपर्यायी प्रश्न तयार करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्याच्या इतिहासावर मराठी मुलांसाठी प्रश्नमंजूषा घेणारे शिक्षक आणि मंडळांचे कार्यकर्ते प्रश्नपत्रिका तयार करताना ज्या शंका विचारतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. बहुतेक शंका एकाच जागी येऊन थांबतात. माहिती बरोबर असते, पर्यायही बरे असतात, पण प्रश्नवाक्याची मराठी घडणच बरोबर पर्यायाकडे बोट दाखवते. म्हणून भर त्यावरच आहे.

माहिती अचूक आहे, चार पर्याय आहेत. मग प्रश्न सदोष कसा?

हा प्रश्न पाहा :

१९०८ मध्ये बडोद्यात स्थापन झालेली संस्था ओळखा. ती आजही कार्यरत असून तिच्या शाखा देशभर आहेत.
(अ) कलाभवन (ब) बडोदा कॉलेज (क) बँक ऑफ बडोदा (ड) प्राच्यविद्या मंदिर

इथे इतिहास येण्याची गरजच नाही. ‘शाखा’ म्हटले की मुलाला बँक आठवते. दुसरे वाक्य माहितीपूर्ण वाटते म्हणून लिहिलेले असते, पण त्याने उरलेले तीन पर्याय निकामी होतात. ते काढून टाकले तरी प्रश्न पूर्ण राहतो, आणि ज्याच्यावाचून प्रश्न पूर्ण राहतो ते वाक्य तिथे नसावे. मुलांना ती माहिती द्यायचीच असेल तर उत्तरपत्रिकेच्या स्पष्टीकरणात द्या.

दुसरे वाक्य काढून रिकामी जागा ठेवली : ‘१९०८ मध्ये बडोद्यात स्थापन झालेली ______.’ आता ठीक?

उलट बिघडले. ‘झालेली’ स्त्रीलिंगी आहे. बँक स्त्रीलिंगी, कलाभवन, कॉलेज आणि मंदिर ही तिन्ही नपुंसकलिंगी. मराठी घरातले मूल ‘झालेली कलाभवन’ असे कधीच म्हणणार नाही. त्याच्या कानाला जे खटकत नाही तेच ते निवडते, आणि ते नेमके बरोबर असते. आधीच्या रूपात ‘झालेली’ हे ‘संस्था’ या शब्दाला जोडलेले होते, त्यामुळे तेवढ्यापुरते ते निर्दोष होते. ‘संस्था’ गेली आणि विशेषण थेट पर्यायाला चिकटले.

इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तकांत या गळतीबद्दल मुख्यतः ‘अ’ की ‘ॲन’ आणि एकवचन-अनेकवचन एवढेच सांगितलेले असते. मराठीत विशेषण, क्रियापद, ‘कोणता-कोणती-कोणते’ आणि विभक्ती अशा चार दारांतून उत्तर बाहेर पडते. ती पुस्तके वाचून मराठी प्रश्न तपासणाऱ्याला यातली बहुतेक दारे दिसत नाहीत.

मग हे वाक्य कसे बदलायचे?

क्रियापदाला आणि विशेषणाला पर्यायापासून तोडायचे आणि प्रश्नवाक्यातल्याच एखाद्या नामाला बांधायचे. असे :

पुढीलपैकी कशाची स्थापना १९०८ मध्ये झाली?

आता ‘झाली’ हे ‘स्थापना’ला जुळते. पर्याय कोणत्याही लिंगाचा असो, वाक्याला फरक पडत नाही. ‘कोणत्या संस्थेची स्थापना’ असेही चालेल. ‘बडोद्यात’ हा शब्दही काढला आहे, कारण सगळे पर्याय इथलेच आहेत आणि दोन पर्यायांच्या नावातच ‘बडोदा’ आहे. प्रश्नातला शब्द पर्यायात पुन्हा दिसला की मूल तिकडे झुकते. एकाच पर्यायात दिसत असेल तर तो शब्द काढायलाच हवा.

व्यक्तींबद्दलच्या प्रश्नांत हीच युक्ती थोडी वेगळी लागते. ‘१९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला कोण गेले?’ यात ‘गेले’ म्हटल्याबरोबर स्त्रीचे नाव असलेला पर्याय बाद होतो, तिथे ‘गेल्या’ लागले असते. ‘कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी १९१३ मध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती कोणाला मिळाली?’ असे विचारले की क्रियापद शिष्यवृत्तीला जुळते आणि डॉ. आंबेडकरांचे नाव इतर नावांच्या बरोबरीने उभे राहते. मात्र पर्यायांत एकालाच ‘डॉ.’ आणि बाकीच्यांची नुसती नावे, असे करू नका. पदव्या द्यायच्या तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही.

‘कोणी’ असलेले कर्मणी वाक्य सहसा सुरक्षित असते. ‘हा आराखडा कोणी केला?’ यात क्रियापद आराखड्याला जुळते, करणारा पुरुष की स्त्री हे त्यातून कळत नाही. ‘कोणाच्या कारकिर्दीत’ हेही तसेच, आणि त्यात आदरार्थी बहुवचनाचा घोळही टळतो.

रिकामी जागा भरा या प्रकारात विभक्तीचे काय?

तिथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचे रूपच बदलते. ‘सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात ______त झाली’ असे छापले आणि पर्याय ‘अमरेली, कडी, नवसारी, बडोदे’ असे दिले, तर ‘अमरेलीत, कडीत, नवसारीत’ सरळ बसतात. ‘बडोदेत’ मात्र बसत नाही, ते ‘बडोद्यात’ व्हायला हवे. चौथा पर्याय कोणीही न वाचता खोडून टाकतो.

उपाय सोपा आहे. रिकाम्या जागेनंतर प्रत्यय न लावता ‘येथे’, ‘या प्रांतात’, ‘यांनी’ असा सुटा शब्द ठेवा : ‘______ या प्रांतात झाली’. आता चारही नावे आपल्या मूळ रूपात बसतात. शक्य असेल तर रिकामी जागा टाळून पूर्ण प्रश्नच विचारावा, असे आमचे मत आहे. प्रश्नचिन्ह असलेले वाक्य लिहिताना लेखकाला स्वतःलाच कळते की आपण नक्की काय विचारतो आहोत.

एक प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलून दाखवाल का?

हा घ्या. मूळ मसुदा :

दूरदृष्टीच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये संस्थानाच्या सौराष्ट्रातील भागात सुरू केला. तो कोठे?
(अ) बडोदे (ब) अमरेली भागात, प्रायोगिक तत्त्वावर (क) कडी (ड) पुणे

आधी ठरवायचे की आपल्याला काय तपासायचे आहे. मुलाला हे माहीत हवे की सक्तीचे शिक्षण राजधानीत नव्हे, तर अमरेलीत प्रथम आले आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू झाले. मसुदा मात्र भूगोल तपासतो. ‘सौराष्ट्रातील’ हा शब्द आला की अमरेलीशिवाय दुसरे काही उरत नाही. तो शब्द पहिल्यांदा काढायचा. ‘दूरदृष्टीच्या’ने उत्तर फुटत नाही, पण वाचन लांबते आणि प्रश्नपत्रिका ही गौरवाची जागा नव्हे, म्हणून तोही गेला.

मग पर्याय. (ब) सर्वांत लांब आहे आणि त्यातला ‘प्रायोगिक’ हा प्रश्नातल्या ‘प्रयोग’शी यमक जुळवतो. उत्तर चुकीचे ठरू नये या काळजीने लेखक बरोबर पर्यायालाच अटी जोडत जातो, हे नेहमीचे आहे. ती काळजी प्रश्नवाक्यात घ्यावी, पर्यायात नाही. (ड) पुणे हे बडोदे संस्थानात नव्हतेच, तेव्हा तो पर्याय नुसती जागा अडवतो.

संस्थानाचे चार मुख्य प्रांत होते : बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली. म्हणजे चार खरेखुरे, एका जातीचे पर्याय आयते मिळाले. अडचण एकच. आजच्या मुलाला कडी हे मेहसाणा जिल्ह्यातले गाव म्हणून माहीत असेल किंवा नसेलही, पण तो कधीकाळी प्रांत होता हे बहुधा माहीत नसते, आणि न ऐकलेला पर्याय कोणी निवडत नाही. ‘कडी (आजचा मेहसाणा परिसर)’ असे लिहिले तर एकाच पर्यायाला कंस येतो आणि तो उठून दिसतो. म्हणून ओळख प्रश्नवाक्यातच करून द्यायची :

बडोदे संस्थानाचे अमरेली, कडी, नवसारी आणि बडोदे असे चार मुख्य प्रांत होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १८९३ मध्ये त्यांपैकी कोणत्या प्रांतात झाली?
(अ) अमरेली (ब) कडी (क) नवसारी (ड) बडोदे

‘झाली’ हे ‘सुरुवात’ला जुळते, पर्याय वर्णानुक्रमाने आहेत, लांबी सारखी आहे. आणि ‘बडोदे’ हा आता खरा चकवा झाला, कारण नवी गोष्ट राजधानीत आधी आली असणार असे न शिकलेल्या मुलाला वाटतेच. चांगला चुकीचा पर्याय असाच असतो : विषय कच्चा असलेल्याला तो पटतो, पक्का असलेल्याला पटत नाही.

चुकीचा पर्याय ‘अन्यायकारक’ केव्हा म्हणायचा?

विषय पक्का असलेला मुलगाही ज्यात अडकतो तो अन्यायकारक. बहुतेक वेळा दोष पर्यायाचा नसतो, प्रश्नवाक्यातल्या ढिल्या क्रियापदाचा असतो. उदाहरणार्थ ‘लक्ष्मी विलास राजवाडा कोणी बांधला?’ आणि पर्यायांत सयाजीराव गायकवाड, चार्ल्स मँट, रॉबर्ट चिझम. राजवाडा महाराजांनी बांधवून घेतला, आराखडा मँट यांचा, आणि त्यांच्या मृत्यूनंतर काम पूर्ण केले चिझम यांनी. तिघेही ‘बांधला’ या शब्दात बसतात. जास्त वाचलेला मुलगा इथे जास्त गोंधळतो.

क्रियापद घट्ट करा : ‘लक्ष्मी विलास राजवाड्याचा मूळ आराखडा कोणत्या वास्तुकाराने केला?’ आता महाराज पर्यायांत येऊ शकत नाहीत. चिझम न्याय्य चकवा होतात, कारण ‘मूळ’ या शब्दाने त्यांचे काम वेगळे पडते. उरलेल्या दोन जागी ब्रिटिश काळातले मुंबईतले वास्तुकार घ्या : आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे फ्रेडरिक स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट. सगळे एका व्यवसायातले, सगळे इंग्रज नावाचे, आणि तिघे निःसंशय चूक.

गुजराती प्रश्नपत्रिका तयार आहे. तीच मराठीत केली तर चालेल?

करा, पण प्रत्येक प्रश्नाची लिंगे नव्याने तपासा. गुजरातीतही तीन लिंगे आहेत आणि तिथेही कयो, कई, कयुं यांतून उत्तर फुटते. पण शब्दांची लिंगे दोन्ही भाषांत सारखी नसतात. ‘कोलेज’ गुजरातीत स्त्रीलिंगी, मराठीत ‘कॉलेज’ नपुंसकलिंगी. त्यामुळे गुजराती वाक्यातले स्त्रीलिंगी विशेषण बँक आणि कॉलेज दोघांनाही बसते, म्हणजे निदान दोन पर्याय जिवंत राहतात. मराठीत उतरवताना तेच वाक्य फक्त बँकेला बसते. गुजरातीत अर्धवट झाकलेला प्रश्न मराठीत पूर्ण उघडा पडतो. ‘कशाची स्थापना’ ही रचना दोन्हीकडे चालते, म्हणून दुभाषी पत्रिकेसाठी आम्ही तीच धरतो.

‘नाही’ असलेले प्रश्न विचारावेत का?

शक्यतो नको. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या अगदी शेवटी येते, आणि घाईतले मूल तिथवर पोहोचण्याआधीच पर्यायांकडे गेलेले असते. ‘कोणती संस्था सयाजीराव महाराजांच्या हयातीत स्थापन झाली नाही?’ याऐवजी ‘पुढीलपैकी कोणत्या संस्थेची स्थापना १९३९ नंतर झाली?’ असे विचारा. महाराज गेले १९३९ मध्ये, त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले १९४९ मध्ये. बरोबर उत्तराच्या नावातच महाराज असल्याने प्रश्नवाक्यात त्यांचे नाव घेतलेले नाही, नाहीतर प्रश्नानेच तिकडे बोट दाखवले असते.

‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘वरीलपैकी एकही नाही’?

दोन्ही टाळा. पहिल्यात दोन पर्याय बरोबर आहेत एवढे कळले की काम भागते. दुसऱ्यात मुलाला काय येत नाही ते कळते, काय येते ते कळत नाही.

चौथा पर्याय सुचतच नाही. तीन दिले तर?

तीन द्या. चौथ्या जागी ‘पुणे’ बसवण्यापेक्षा तीन जिवंत पर्याय बरे. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून सुमारे ३३ टक्क्यांवर जाते हे खरे, पण चौथा पर्याय कोणी निवडतच नसेल तर ती प्रत्यक्षात आधीपासूनच ३३ असते. मुलांना तीनच पर्यायांचे प्रश्न काही ठिकाणी येतील, एवढी सूचना वर छापा म्हणजे झाले.

उत्तर फुटते आहे का, हे छापण्याआधी कसे ओळखायचे?

दोन चाचण्या पुरतात : एक प्रश्नवाक्य पुरे आहे का ते पाहणारी, दुसरी उत्तर फुटते का ते पाहणारी. पहिली : पर्याय हाताने झाका आणि विषय जाणणाऱ्या सहकाऱ्याला फक्त प्रश्नवाक्य वाचायला द्या. काय विचारले आहे ते त्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘म्हणजे नक्की काय विचारायचे आहे?’ असे तो म्हणाला तर प्रश्नवाक्य अपुरे आहे. ‘पुढीलपैकी कोणते विधान बरोबर आहे?’ या साच्याचे प्रश्न इथे नेहमी अडकतात.

दुसरी : प्रश्न अशा माणसांना द्या ज्यांना मराठी उत्तम येते पण हा इतिहास ठाऊक नाही. दुसऱ्या गावाहून आलेले नातेवाईक यासाठी उत्तम. चार पर्यायांच्या प्रश्नावर दहा जणांत दोन-तीन बरोबर आले तर ते अंदाज. सात-आठ बरोबर आले तर प्रश्नानेच त्यांना सांगितले आहे. कुठल्या शब्दावरून ओळखले ते विचारा, बहुतेकांना नेमके सांगता येते.

परीक्षा झाल्यावर उत्तरपत्रिकांवरून काय कळते?

गुणांच्या क्रमाने पेपर लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे करा. १०० पेपर असतील तर २७ आणि २७. मग प्रत्येक पर्याय दोन्ही गटांत किती जणांनी निवडला ते मोजा. आकडे कसे वाचायचे ते कळावे म्हणून समजा, ‘झालेली’वाल्या प्रश्नात बँक हे उत्तर वरच्या गटात २५ जणांनी आणि खालच्या गटात २१ जणांनी निवडले. फरक ४, त्याला २७ ने भागले की ०.१५. म्हणजे ज्यांना बाकी पेपर जमला नाही त्यांनाही हा जमला. वाक्य बदलून दुसऱ्या वर्षी, तितक्याच पेपरांत, तेच आकडे २२ आणि ९ आले, तर फरक १३, म्हणजे ०.४८. प्रश्न कठीण झाला, पण आता तो अभ्यास केलेल्याला आणि न केलेल्याला वेगळे ओळखतो. ०.२० च्या खाली आलेला प्रश्न पुन्हा वाचायला काढावा.

चुकीच्या पर्यायांकडे उलट नजरेने पाहायचे. खालच्या गटाने तो वरच्या गटापेक्षा जास्त निवडलेला असला पाहिजे. १०० मुलांत पाच जणांनीही निवडला नसेल तर तो मेलेला पर्याय, बदला. वरच्या गटानेच तो जास्त निवडला असेल तर सावध व्हा : एकतर उत्तरतालिका चुकली आहे, नाहीतर ‘कोणी बांधला’सारखे ढिले क्रियापद आत शिरले आहे. पेपर तीसच असतील तर या गणिताला फारसा अर्थ नाही. तेव्हा नुसते कोणी काय निवडले ते पाहा.

दोष निकालाआधी लक्षात आला तर गुण कसे द्यायचे?

दोन उत्तरे खरोखर बरोबर ठरत असतील तर दोन्हींना गुण द्या, आणि तक्रार करणाऱ्यालाच नव्हे तर सगळ्यांचे पेपर पुन्हा पाहून. एकही बरोबर नसेल तर प्रश्न सर्वांसाठी रद्द करा आणि एकूण गुण तेवढ्याने कमी धरा. उत्तर फुटले असेल, पण बरोबर असेल, तर गुण काढून घेऊ नका. मुलाने बरोबरच लिहिले आहे. असा प्रश्न प्रश्नसंचात परत ठेवताना त्याच्यापुढे कोणत्या शब्दामुळे फुटला ते लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कोणी तो जसाच्या तसा उचलतो.